चालताना दुकानांच्या पाट्या जागेवर का राहतात?

नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवरून चालता चालता मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि घरी जाऊन टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर बघा. फोन साधा असेल तर दुकानांच्या पाट्या प्रत्येक पावलागणिक उसळताना दिसतील. त्याच दोन मिनिटांत तुमचे डोळेही त्याच रस्त्यावरून, तेवढेच हेलकावे खात गेले होते. तरी चालताना एकही पाटी उसळली नाही, साडीच्या दुकानाच्या फलकावरचा फोन नंबरसुद्धा वाचता आला. फोनला जे जमलं नाही ते डोळ्यांना जमलं, पण त्यातलं मुख्य काम डोळ्यांनी केलेलंच नाही. ते कानाने केलं.

घरी एक प्रयोग करा, वर्तमानपत्र पुरे. पान हातभर अंतरावर धरा आणि सेकंदाला दोन फेऱ्या या वेगाने डावी-उजवीकडे हलवा, डोकं स्थिर ठेवून. बातमीचा मजकूर वाचता येत नाही, अक्षरांच्या रेघा होतात. आता हात स्थिर ठेवा आणि त्याच वेगाने ‘नाही, नाही’ म्हणतो तशी मान हलवा. मजकूर आरामात वाचता येतो. कागद आणि डोळा यांच्यातली हालचाल दोन्ही वेळा जवळपास सारखीच होती. फरक इतकाच, की दुसऱ्या वेळी डोकं हलत होतं आणि ते हलतंय ही बातमी मेंदूला आधीच मिळत होती.

ही बातमी देणारी यंत्रणा म्हणजे व्हेस्टिब्युलो-ऑक्युलर रिफ्लेक्स. नाव लांबलचक असलं तरी अर्थ सरळ आहे. व्हेस्टिब्युलो म्हणजे कानातल्या तोलाच्या अवयवाकडून, ऑक्युलर म्हणजे डोळ्याकडे आणि रिफ्लेक्स म्हणजे शाळेत शिकलेली प्रतिक्षिप्त क्रिया. डोकं जेवढं उजवीकडे वळेल तेवढेच डोळे डावीकडे वळवायचे, म्हणजे नजर होती तिथेच राहते. यापुढे या यंत्रणेला व्हीओआर म्हणू.

डोळे स्वतः का सांभाळून घेत नाहीत?

हा पहिला प्रश्न रास्त आहे. चित्र सरकलं हे डोळ्यांना दिसतंच, मग त्यांनीच ते सावरावं, त्यात कानाचं काय काम?

अडचण वेळेची आहे. चित्र सरकलंय हे डोळ्याच्या मागच्या पडद्याने टिपायचं, ते मेंदूच्या मागच्या भागापर्यंत पोचायचं, तिथे हालचालीचा हिशेब व्हायचा आणि मग डोळ्याच्या स्नायूंना हुकूम जायचा. या सगळ्याला सेकंदाचा साधारण दहावा भाग, म्हणजे 100 मिलिसेकंद लागतात. व्हरायटी चौकात रस्ता ओलांडताना हॉर्न ऐकून तुम्ही चटकन मान वळवता तेव्हा ती सहज सेकंदाला 200 अंशांच्या वेगाने फिरते. या वेगाने 100 मिलिसेकंदांत डोकं 20 अंश फिरून जातं. हात लांब करून मूठ धरली की ती डोळ्यासमोर साधारण 10 अंश व्यापते. म्हणजे डोळ्यांनी चूक ओळखून ती दुरुस्त करायला घेईपर्यंत चित्र दोन मुठींइतकं सरकलेलं असेल. बारीक अक्षर वाचायला मात्र चित्र सेकंदाला तीन-चार अंशांहून जास्त सरकून चालत नाही. त्यापुढे ते पुसट होऊ लागतं.

कानातून येणारा निरोप सुमारे 10 मिलिसेकंदांत डोळ्याच्या स्नायूंपर्यंत पोचतो, कारण वाटेत थांबे फारच कमी आहेत. कानापासून मेंदूच्या खोडापर्यंत पहिली चेतापेशी, खोडात दुसरी आणि तिथून डोळ्याच्या स्नायूकडे तिसरी. तीन पेशींची ही साखळी शरीरातल्या सर्वांत झटपट प्रतिक्षिप्त क्रियांमध्ये मोडते. ‘दिसणं’ या वेळखाऊ प्रक्रियेची ती वाटच बघत नाही. म्हणून अंधारातही, समोर काहीच दिसत नसताना, मान वळवली की डोळे उलट दिशेला वळतात.

कानातल्या तीन कड्या

कानाच्या पडद्याच्या आणि मधल्या कानाच्याही आत, कवटीच्या टणक हाडात ऐकण्याच्या शंखाला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्या एकमेकींशी जवळजवळ काटकोन करतात. एक ‘नाही’ म्हणताना फिरणाऱ्या मानेसाठी, बाकीच्या दोन ‘हो’ म्हणताना आणि मान खांद्याकडे कलताना होणाऱ्या हालचालींसाठी. ज्यांच्या फोनमध्ये कॅमेऱ्याचा थरथराट रोखण्याची सोय असते, त्यातही नेमकं हेच असतं. तीन अक्षांवरचं फिरणं मोजणारा गायरो आणि त्याच्या सांगण्यावरून उलट सरकणारी काच.

नलिकेत द्रव असतो. पाण्याने भरलेली परात झटकन फिरवली तर परात फिरते, पाणी मात्र क्षणभर मागे राहतं. नलिकेतही तेच होतं. डोकं फिरतं, द्रव मागे राहतो आणि वाटेत आडव्या बसलेल्या मऊ पडद्याला रेटतो. या पडद्यात खालच्या पेशींचे केसांसारखे तंतू रोवलेले असतात. तंतू वाकले की पेशीचा विद्युत संदेश बदलतो.

आता पुढच्या सगळ्या गोष्टी ज्यावर उभ्या आहेत, तो मुद्दा. डोकं स्थिर असतानाही या पेशींकडून निघणारे चेतातंतू गप्प नसतात. सेकंदाला साधारण 90 ठोके असा त्यांचा संथ जप दोन्ही बाजूंनी चालूच असतो. डोकं उजवीकडे वळलं की उजवीकडचे ठोके वाढतात आणि डावीकडचे कमी होतात. मेंदू दोन बाजूंमधला फरक बघतो. तराजूची दोन्ही पारडी समान असली म्हणजे डोकं स्थिर, एक खाली गेलं म्हणजे त्या बाजूला वळलं.

फिरण्याखेरीज सरळ रेषेतली हालचाल आणि डोक्याचा कल मोजायला दोन वेगळ्या पिशव्या आहेत. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. प्रत्येक पावलाला डोकं चार-पाच सेंटिमीटर वर-खाली होतं, त्याची दखल या पिशव्या घेतात. या खड्यांशी आपली गाठ पुढे पडणार आहे.

फुगडी थांबली तरी घर का फिरतं?

फुगडी दहा-पंधरा सेकंद चालली की नलिकेतला द्रवही डोक्याच्या वेगाने फिरू लागतो आणि पडद्यावरचा रेटा संपतो. म्हणजे एकाच वेगाने फिरत राहिलात तर थोड्या वेळाने ‘मी फिरतोय’ हा निरोप विरत जातो. मग हात सुटतात, पाय थांबतात, पण द्रव अजून फिरतोय. तो पडद्याला उलट बाजूने रेटतो आणि मेंदूला वाटतं की आपण आता उलट फिरतोय. डोळे त्या खोट्या फिरण्याची भरपाई करू लागतात. एका बाजूला हळू सरकतात, झटक्याने परत येतात, पुन्हा सरकतात. समोरच्या मैत्रिणीचे डोळे त्या वेळी नीट बघितले तर हे दिसतं. पडदा पाच-सहा सेकंदांत सरळ होतो, पण मेंदू त्या निरोपाला ताणून पंधरा-वीस सेकंद चालवतो.

यातून कामाची वाटणी उलगडते. नलिका झटकन सुरू होणारं आणि थांबणारं फिरणं उत्तम ओळखतात, संथ आणि एकसारख्या फिरण्यात त्या कच्च्या. डोळ्यांचं नेमकं उलट आहे. सेकंदाला एखादी फेरी एवढ्या वेगापर्यंत चित्राचा पाठलाग करून ते सांभाळून घेतात, त्यापुढे धापा टाकतात. म्हणून ज्याचे दोन्ही कान तोलाच्या कामातून गेले आहेत, त्याला हळू मान वळवताना काहीही जाणवत नाही. चालणं मात्र सेकंदाला सुमारे दोन पावलांचं असतं, म्हणजे डोळ्यांच्या आवाक्याबाहेरचं.

मान मधे कशाला?

समजा तुम्ही डावीकडे वळलात. कानाला एवढंच कळतं की डोकं डावीकडे फिरलं. फक्त मान फिरली की पायापासून अख्खं अंग फिरलं हे त्याला कळायला मार्गच नाही, कारण तो डोक्यात बसलाय. पण तोल सांभाळायला हा फरक महत्त्वाचा आहे. नुसती मान वळली असेल तर पायांनी काही करायचं नाही, धड वळत असेल तर पावलं टाकायची. हा फरक मानेचे स्नायू सांगतात. विशेषतः कवटीच्या खाली, मानेच्या अगदी वरच्या टोकाला असलेले छोटे स्नायू. ताण मोजणाऱ्या सूक्ष्म तंतूंची त्यांत एवढी दाटी असते की हे स्नायू डोकं हलवण्यासाठी कमी आणि डोकं कुठे आहे हे मोजण्यासाठी जास्त आहेत, असं म्हटलं तरी चालेल.

मानेकडून डोळ्यांकडेही एक वाट जाते. डोकं जागेवर धरून खुर्ची खालून फिरवली तर कानाला काही कळत नाही, मानेला मात्र पीळ बसतो आणि डोळे किंचित हलतात. निरोगी माणसात हा हिस्सा किरकोळ असतो, एखाद्या दुकानात मालक असताना पोऱ्याचं जेवढं चालतं तेवढा. मालक गेला की पोऱ्याला गल्ल्यावर बसावं लागतं.

दोन्ही बाजू एकदम गेल्या तर: एक उदाहरण

एक नमुना घेऊ. असे रुग्ण प्रत्यक्षात भेटतात, पण हा कुणी एक माणूस नव्हे. महाल भागात राहणारे 58 वर्षांचे गृहस्थ. मधुमेह, मूत्रपिंडाचं काम थोडं मंदावलेलं. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला म्हणून चार आठवडे इंजेक्शनं चालली, त्यात जेंटामायसिन हे प्रतिजैविक होतं. संसर्ग गेला, जीव वाचला. घरी आल्यावर आठवडाभराने पाय अडखळू लागले. अशक्तपणा असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. महिन्याने डॉक्टरांकडे गेले तेव्हाचं बोलणं असं:

“बसलो तं काहीच नाही डॉक्टर. चालाले लागलो का दुकानाच्या पाट्या नाचतेत.”

“आणि थांबलात की?”

“थांबलो का त्याही थांबतेत.”

“अंधारात कसं वाटतं?”

“लाइट गेली का भिंत धरूनच चालतो. तोंड धुताना डोये मिटले का झोक जाते.”

या पाच वाक्यांत निदान जवळपास झालेलं आहे. पण तोवर त्यांचा चष्मा एकदा बदलून झाला होता, मानेला पट्टा लागला होता, मेंदूचा एमआरआय निर्दोष आला होता आणि ऐकण्याची तपासणीही चांगली निघाली होती.

जेंटामायसिन आणि त्याच्या कुळातली काही औषधं रक्तातून आतल्या कानात पोचतात, तंतूंच्या पेशींमध्ये शिरतात आणि त्यांना मारतात. या कुळात आवडीनिवडी आहेत. जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन तोलाच्या पेशींवर आधी उठतात, अमिकासिन आणि कानामायसिन ऐकण्याच्या पेशींवर. म्हणून आपल्या रुग्णाचं ऐकणं शाबूत होतं आणि कुणालाच कानाचा संशय आला नाही. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. इजा औषध बंद झाल्यावरही काही दिवस-आठवडे वाढू शकते, त्यामुळे इंजेक्शन आणि त्रास यांचा संबंध घरच्यांच्याही लक्षात येत नाही.

आता आकडे मांडू. चालताना त्यांचं डोकं एखाद्या क्षणी सेकंदाला 30 अंश वेगाने हलतंय असं धरा. डोळे उलट किती वेगाने वळले, भागिले डोकं किती वेगाने वळलं, या गुणोत्तराला गेन म्हणतात. निरोगी माणसात तो जवळजवळ 1. समजा 0.95 आहे, तर 30 पैकी 28.5 अंश भरून निघाले आणि चित्र सेकंदाला दीड अंश सरकलं. डोळा ते सहज खपवून घेतो. आपल्या रुग्णाचा गेन 0.25 आहे. भरून निघाले फक्त साडेसात, उरले साडेबावीस अंश. बारीक अक्षराची मर्यादा तीन-चार अंशांची, म्हणजे पाटी वाचणं सोडाच, ती नाचणारच.

1952 साली एका अमेरिकन डॉक्टरने स्वतःवर ओढवलेल्या याच अवस्थेचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकात केलं होतं. स्ट्रेप्टोमायसिनने त्यांचे तोलाचे अवयव गेले होते. सुरुवातीच्या दिवसांत अंथरुणावर वाचतानाही नाडीच्या ठोक्याबरोबर अक्षरं उडायची, म्हणून ते पलंगाच्या डोक्याकडच्या दोन धातूच्या गजांमध्ये डोकं अडकवून वाचत. नाडीच्या ठोक्याने डोकं किती हलणार? पण व्हीओआर रोज, प्रत्येक ठोक्याला तेवढीही हालचाल पुसून टाकत असतो हे त्यावरून कळतं.

“पण त्यांना गरगरलं तर नाहीच”

ही सर्वांत मोठी फसगत. कानाचा विकार म्हणजे गरगरणं असं आपल्या मनात पक्कं बसलंय. पुन्हा तराजू आठवा. एका बाजूची नस सुजून बंद पडली तर एका पारड्यात 90 ठोके आणि दुसऱ्यात शून्य. डोकं स्थिर असूनही मेंदूला वाटतं की आपण चांगल्या बाजूला जोरात फिरतोय. मग खोली गरगरते, उलट्या होतात, माणूस दोन-तीन दिवस अंथरुणातून उठत नाही. पण दोन्ही बाजू सारख्याच हळूहळू विझल्या तर 90-90 चे 40-40 झाले, 10-10 झाले, फरक मात्र शून्यच राहिला. तराजू समतोल, गरगर नाही. नुसतं सावरणं गेलं.

जाता जाता, या लोकांना एक चमत्कारिक सूट मिळते. ज्यांचे दोन्ही बाजूंचे अवयव पूर्ण निकामी आहेत, त्यांना बस लागत नाही.

“हा मानेच्या मणक्याचाच प्रकार असेल”

नागपुरात काय, कुठेही चक्कर म्हटली की मानेचा एक्स-रे निघतो. पन्नाशी उलटलेल्या बहुतेकांच्या मानेच्या एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज दिसतेच, त्यातल्या कित्येकांना काहीही त्रास नसतो. त्यामुळे फोटोत झीज दिसली म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. मान दुखावली, आखडली तर मोजमापात गोंधळ होऊन डोकं हलकं वाटू शकतं हे खरं. पण चालताना पाट्या नाचणं हे मानेच्या झिजेचं लक्षण नाही.

दुसरी गल्लत याहून रोजची आहे. माळ्यावरचा डबा काढायला वर बघितलं किंवा अंथरुणात कुशीवर वळलं की अर्धा-पाऊण मिनिट गरगरतं. लोक म्हणतात मान वळली म्हणून. खरं तर पिशवीतले ते कॅल्शियमचे खडे सुटून नलिकेत शिरलेले असतात आणि डोक्याचा कल बदलला की ते घरंगळतात. पारख सोपी आहे. कुशीवर वळताना डोकं आणि धड बरोबरच वळतं, मानेला पीळ पडत नाही, तरी गरगरतं. मग दोष मानेचा कसा? यावर ठरावीक क्रमाने डोकं वळवून खडे जागेवर नेण्याचा उपचार आहे, पट्टा नव्हे.

तपासतात कसं

आपल्या रुग्णाला आधी दृष्टीच्या तक्त्यासमोर बसवलं. चष्मा लावून, डोकं स्थिर ठेवून त्यांनी 6/6 ची ओळ वाचली. मग डॉक्टरांनी मागून त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून सेकंदाला दोन फेऱ्या, थोड्याच अंशांत डावी-उजवीकडे हलवत ठेवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. निरोगी माणूस फार तर दोन ओळी वर सरकतो. हे 6/36 वर गेले, म्हणजे पाच ओळी. चष्मा बदलून हे का सुधारलं नाही ते इथे दिसतं. नंबर बरोबरच होता, हलणाऱ्या चित्राला नंबर नसतो.

दुसरी तपासणी म्हणजे हेड इम्पल्स टेस्ट, 1988 मध्ये हाल्माग्यी आणि कर्थॉइस यांनी मांडलेली. रुग्ण डॉक्टरांच्या नाकाकडे बघतो. डॉक्टर त्याचं डोकं अचानक, जेमतेम 10 ते 20 अंश, पण झटक्यात एका बाजूला वळवतात. कोणत्या बाजूला, केव्हा, हे आधी कळू द्यायचं नाही. यंत्रणा शाबूत असेल तर डोळे नाकावर खिळून राहतात. नसेल तर ते डोक्याबरोबर वाहून जातात आणि मग एक छोटी उडी मारून परत नाकावर येतात. ती उडी हाच पुरावा. झटका जोराचाच हवा, कारण हळू वळवलं तर डोळे पाठलाग करून वेळ मारून नेतात. हे घरी कुणी कुणावर करू नये, मानेला इजा होऊ शकते.

एकच बाजू गेली असेल तर उडी फक्त त्या बाजूच्या झटक्याला दिसते. चांगल्या बाजूचे ठोके वाढायला भरपूर वाव असतो, पण कमी होताना ते शून्याखाली जाऊ शकत नाहीत. आजारी बाजूला जोरात वळवलं की चांगल्या बाजूला सांगायला फक्त ‘90 वरून शून्य’ एवढंच असतं, आणि ते अपुरं पडतं.

चष्म्यासारखा कॅमेरा लावून हीच चाचणी संगणकावर मोजता येते. दोन्ही बाजूंचा गेन 0.6 च्या खाली असेल तर दोन्हीकडचा दोष धरतात. यांचा उजवीकडे 0.22, डावीकडे 0.27 निघाला. शेवटी जाड फोमच्या गादीवर उभं करून डोळे मिटायला सांगितलं, चौथ्या सेकंदाला सावरावं लागलं. फरशीवर डोळे उघडे ठेवून ते तासभर उभे राहिले असते, कारण डोळे आणि तळपाय दोघेही साथीला होते.

एक इशारा मात्र इथेच द्यायला हवा. अचानक सुरू होऊन तासन्‌तास न थांबणारं गरगरणं असेल आणि त्यात हेड इम्पल्स अगदी व्यवस्थित आली, तर ती आनंदाची बातमी नसते. कान ठीक आहे म्हणजे बिघाड मेंदूत असू शकतो, पक्षाघातही. सोबत दोन-दोन दिसणं, बोबडं बोलणं, गिळता न येणं किंवा चालताच न येणं असेल तर चाचण्यांच्या नादी न लागता थेट मोठं रुग्णालय गाठायचं.

“मग ती इंजेक्शनं घ्यायचीच नाहीत का?”

असं म्हणणं चुकीचं ठरेल. काही जीवघेण्या संसर्गांत त्यांचा उपयोग आजही आहे, आणि जीव वाचल्यावरच पाट्या बघायच्या असतात. पण उपचार आठवड्यांवर जाणार असेल किंवा मूत्रपिंडाचं काम मंद असेल, तर तोलाचं काय, हे आधीच विचारावं. रक्तातलं औषधाचं प्रमाण मर्यादेत असलं तरी कान सुरक्षित असतोच असं नाही. पलंगावर पडून असलेल्या रुग्णाला स्वतःला काही जाणवत नाही, कारण डोकं हलतच नाही. म्हणून उपचार चालू असतानाच दर दोन-तीन दिवसांनी पलंगावर बसवून, डोकं हलवत काही ओळी वाचून घेतल्या तर घसरण लवकर लक्षात येते. वॉर्डात कुणी केलं नाही तर घरच्यांनी डॉक्टरांना तशी विनंती करायला संकोचू नये.

पुढे काय करायचं

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेला व्हीओआर घासून-पुसून वापरायला मेंदू शिकतो. त्याची ही शिकण्याची ताकद रोज दिसते. उणे पाच नंबरचा नवा चष्मा लावला की चित्र लहान होतं आणि डोळ्यांना आधीपेक्षा सुमारे दहा-बारा टक्के कमी वळावं लागतं. पहिले काही दिवस जमीन सरकल्यासारखी वाटते ती यामुळे. मग लहान मेंदू गेन नव्याने जुळवून घेतो. त्याला शिकवणारी एकच गोष्ट असते, डोकं हलताना पुसट होणारं चित्र. म्हणून व्यायामात ती चूक घडायलाच हवी.

एका कागदावर एक ठळक अक्षर काढायचं, ‘क’ चालेल. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवून हातभर अंतरावर बसायचं. अक्षरावर नजर ठेवून मान डावी-उजवीकडे हलवायची, मग वर-खाली. अक्षर पुसट होऊ लागेल त्या वेगाच्या काठावरच राहायचं आणि एका वेळी मिनिटभर करायचं. नंतर उभं राहून, मग चालता चालता. दोन्ही बाजू गेलेल्यांना हे सगळं मिळून दिवसाला 20 ते 40 मिनिटं, पाच-सात आठवडे करायला सांगतात. मान स्थिर ठेवून नुसते डोळे फिरवण्याचे व्यायाम यासाठी निरुपयोगी आहेत, कारण त्यात व्हीओआरला कामच नाही. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांसारख्या गोळ्या चक्करेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ठीक. महिनोन्‌महिने चालू राहिल्या तर शिकण्याची हीच प्रक्रिया मंदावते. आपल्या रुग्णाचीही एक गोळी चालूच होती, गरगर नसताना. ती मात्र डॉक्टरांना विचारूनच थांबवायची.

दुसरीकडे मानेचा पोऱ्या गल्ल्यावर बसतो. मानेकडून डोळ्यांकडे जाणारा किरकोळ हिस्सा या रुग्णांत वाढतो. शिवाय स्वतःहून मान वळवताना हुकूम मेंदूनेच दिलेला असतो, त्यामुळे डोळ्यांची छोटी उडी तो डोकं वळत असतानाच उरकून टाकतो. पट्टा लावून मान बांधून ठेवली तर ही मदतच तुटते, म्हणून आपल्या रुग्णाचा पट्टा पहिल्याच दिवशी काढला. तीन महिन्यांनी ते महालातून पायी बाजार करू लागले आणि दृष्टीच्या चाचणीत पाचाऐवजी तीन ओळींवर आले.

ऑटोत बसल्यावर मात्र पाट्या अजून नाचतात. खड्ड्यातून ऑटो उसळली की डोकं आणि धड बरोबर उसळतात. मानेला पीळ पडत नाही म्हणून ती काही सांगत नाही, आणि खड्डा कुठे आहे हे मेंदूला आधी ठाऊक नसतं. तिथे फक्त कानच उपयोगी पडला असता. त्यांनी यावर आपला मार्ग काढला आहे. उतरायचं ठिकाण पाटी वाचून ओळखायचं नाही, ऑटोवाल्यालाच सांगून ठेवायचं. रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवायचा, केस धुताना एक हात नळावर. आणि पोहायला जायचं नाही, कारण पाण्याखाली डोळे मिटले की वर कुठलं आणि खाली कुठलं हे सांगणारं त्यांच्याकडे कुणीच उरत नाही.